‘एक छान कॅप्शन द्या ना’ : सिद्धेश्वरच्या दोन फोटोंनी शिकवलेलं

औंढा, हिंगोली, वसमत या पट्ट्यातल्या छोट्या दुकानदारांसाठी, बचतगटांसाठी आणि शेतकरी गटांसाठी मी मजकूर लिहून देते. माझ्याकडे येणाऱ्या मागण्यांचा साचा ठरलेला असतो. मोबाइलवर एक फोटो येतो आणि खाली एक ओळ : “ताई, याला एक छान कॅप्शन द्या ना.” फोटो कुठे टाकणार, कुणाच्या नावाने टाकणार आणि कशासाठी टाकणार, यातलं काहीच सांगितलेलं नसतं. मागणाऱ्याला या तिन्ही गोष्टी इतक्या माहीत असतात की त्या सांगायच्या राहिल्यात, हे त्याच्या लक्षातच येत नाही. त्या त्याच्याकडून कशा काढून घ्यायच्या, हे मी मुख्यतः दोन फोटोंमुळे शिकले. पहिल्यात सिद्धेश्वर धरणाचे उघडलेले दरवाजे होते, दुसऱ्यात त्याच परिसरातल्या एका बचतगटाची हळद होती.

१. फोटोत काय दिसतं ते सोडा. वाचणाऱ्याने पुढे काय करायचं ते आधी ठरवा

पावसाळ्यात सिद्धेश्वरचे दरवाजे उघडले की आमच्याकडे प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये तो फोटो असतो. पांढरं उसळतं पाणी आणि वर काळं आभाळ. अशा फोटोवर ‘निसर्गाचं रौद्र रूप’ असं काहीतरी लिहिणं सोपं आहे आणि बहुतेकांना तेच अपेक्षित असतं. पण हाच फोटो तीन वेगवेगळ्या लोकांनी मागितला, तर त्याचे तीन मजकूर एकमेकांशी अजिबात जुळत नाहीत.

पहिला मागणारा नदीकाठच्या गावातला तरुण. गावाच्या ग्रुपवर लोकांना सावध करायचं, हे त्याचं काम. पूर्णा नदीवर वर येलदरी आहे आणि खाली सिद्धेश्वर. येलदरीतून सोडलेलं पाणी सिद्धेश्वरमध्ये येतं आणि सिद्धेश्वरचे दरवाजे उघडले की खालच्या पात्रात पाणी वाढतं. त्यामुळे या मजकुरात तारीख, वेळ, विसर्ग, काय करायचं आणि माहिती कुणी दिली, एवढंच हवं : “दि. ___, सकाळी ___ वाजता. सिद्धेश्वर धरणातून पूर्णा नदीत ___ क्युसेक पाणी सोडणं सुरू आहे. पात्रात उतरू नका. मोटारी आणि जनावरं वर घ्या. माहिती : पूरनियंत्रण कक्ष.” रिकाम्या जागा अधिकृत सूचनेतूनच भरायच्या, अंदाजाने नाही. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर, पण हा हिशेब सगळ्यांना कळतोच असं नाही. आकडा वाढतोय की उतरतोय हे मात्र गावातल्या म्हाताऱ्या माणसालाही कळतं, म्हणून आधीचा आणि आताचा असे दोन्ही आकडे दिले तर उत्तम.

दुसरा मागणारा शेतकरी गट. पूर्णा प्रकल्पाच्या कालव्यांवर हिंगोली, परभणी आणि नांदेड या जिल्ह्यांतली शेती अवलंबून आहे. धरण भरल्याचा फोटो बघून या वाचकाच्या मनात एकच प्रश्न येतो : रब्बीला आवर्तनं किती मिळणार आणि पाणीअर्ज कधी भरायचा? त्याला सौंदर्याची ओळ दिली तर तो ती वाचून पुढे जाईल. अर्ज कुठे आणि कोणत्या तारखेपर्यंत द्यायचा, हे लिहिलं तर तो ती ओळ जपून ठेवेल.

तिसरा मागणारा औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला येणाऱ्यांना जेवण देणारा हॉटेलवाला. त्याला गिऱ्हाईक हवंय. त्याच्यासाठी मी या फोटोवर लिहिलंच नाही. विसर्ग चालू असतानाच्या फोटोखाली ‘या, बघायला या’ असं लिहिलं की माणसं मोबाइल हातात घेऊन पाण्याच्या काठाशी जातात. मी त्याला भरलेल्या, शांत जलाशयाचा फोटो पाठवायला सांगितलं. हेतू कळला की कधी कधी मजकुराआधी फोटोच बदलावा लागतो.

म्हणून फोटो आला की मी आधी एक वाक्य लिहिते. ते कॅप्शन नसतं, ते माझ्यापुरतं असतं : ‘हे वाचून अमुक माणूस तमुक करेल.’ ते पूर्ण होत नसेल तर पुढे लिहायला बसत नाही.

२. ‘उद्देश काय?’ असं विचारू नका. उत्तर देता येईल असा एकच प्रश्न विचारा

आता दुसरा फोटो. सिद्धेश्वर परिसरातल्या एका बचतगटाच्या काकूंनी पाठवलेला. हळद पावडरीची पाकिटं ओळीने मांडलेली, मागे धरणाचं पाणी. खाली तीच ओळ : “ताई, मस्त कॅप्शन द्या.”

पोस्टचा उद्देश काय, आपला ब्रँड कसा बोलतो, वाचक कोण, असे प्रश्न एकदम पाठवले की काकूंसारखी माणसं गप्प होतात. आपल्याला परीक्षेला बसवलंय, असं त्यांना वाटतं. आणि उत्तर दिलंच तर ते ‘प्रमोशनसाठी’ असं असतं, त्यातून काहीच कळत नाही. मी एकच प्रश्न विचारते आणि त्याची संभाव्य उत्तरंही सोबत देते : “काकू, हे वाचून लोकांनी काय करावं? आत्ता ऑर्डर द्यावी, भाव विचारायला फोन करावा, की तुमचा गट आहे एवढं फक्त कळावं?”

त्यांचं उत्तर आलं : “अहो, आता उन्हाळ्यात लोकं वर्षाची हळद भरतात. एकदा भरली की मग वर्षभर कोणी विचारत नाही. आत्ताच ऑर्डर पाहिजे.”

या एका उत्तरात सगळं आलं. आमच्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये हळद काढतात. मग ती शिजवायची, उन्हात वाळवायची, पॉलिश करायची. घरोघरी तिखट-मसाल्याचं उन्हाळकाम निघतं तेव्हाच हळदही दळून भरली जाते. म्हणजे या पोस्टला मुदत आहे. वाचणारीने ‘छान’ म्हणून अंगठा दाखवला आणि कामाला लागली, तर ती दुसरीकडून हळद भरून मोकळी होईल. त्यामुळे मजकुरात ‘किती किलो’ हा प्रश्न आलाच पाहिजे, आणि तो एका पाकिटाचा न राहता वर्षाच्या साठ्याचा असायला हवा.

हेतू कळल्याची माझी खूण अशी आहे : उत्तरात एखादी मुदत, एखादा माणूस किंवा एखादी अडचण आली पाहिजे. ‘सगळ्यांपर्यंत पोचायचंय’ असं उत्तर आलं तर प्रश्न अजून सुटलेला नाही. मग मी विचारते, “गेल्या वर्षी पहिली ऑर्डर कुणी दिली होती?” त्या माणसाचं वर्णन ऐकलं की वाचक डोळ्यांपुढे उभा राहतो.

३. जागा बदलली की वाक्यं नाही, माहिती बदलते

मजकूर कुठे जाणार यावर तो किती लांब असावा एवढंच ठरतं, असं अनेकांना वाटतं. माझा अनुभव वेगळा आहे. वाचणाऱ्याला आधीपासून काय माहीत आहे, हे जागेवरून ठरतं. जे माहीत नाही ते मजकुरात असायला हवं.

व्हॉट्सॲप स्टेटस घ्या. दोघांनी एकमेकांचा नंबर साठवलेला असेल तरच ते दिसतं, आणि चोवीस तासांत जातं. म्हणजे बघणारी माणसं ओळखीची आहेत. काकू कोण, गाव कोणतं, हे त्यांना सांगावं लागत नाही. नंबरही द्यावा लागत नाही, कारण तिथेच उत्तर देता येतं. म्हणून स्टेटससाठी मी लिहिलं :

“यंदाची हळद दळून झाली. आमच्याच वावरातली आहे. वर्षाची भरणार असाल तर किती किलो पाहिजे ते इथंच कळवा. शनिवारी हिंगोलीला येतोय, सोबत घेऊन येऊ.”

तोच मजकूर एखाद्या ग्रुपवर गेला की मोडतो. ग्रुपवरून तो पुढे जातो, दुसऱ्या ग्रुपवर पोचतो, आणि ‘शनिवारी’ म्हणजे कोणता शनिवार हे कुणालाच कळत नाही. पुढे पाठवला जाणारा मजकूर स्वतःच्या पायावर उभा राहायला हवा : गाव, तालुका, वजन, भाव, फोन आणि तारीख. धरणाच्या फोटोलाही हेच लागू होतं, आणि तिथे धोका जास्त आहे. तारीख नसलेला विसर्गाचा मजकूर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा फिरतो. मग एक तर माणसं विनाकारण घाबरतात, किंवा खरी सूचना आल्यावर ‘हा जुनाच आहे’ म्हणून दुर्लक्ष करतात. म्हणून तारीख मी पहिल्या ओळीत घालते. जमलं तर फोटोवरही लिहायला सांगते, कारण मजकूर गळून नुसता फोटोच पुढे जाण्याची शक्यता असते.

इन्स्टाग्रामवर अनोळखी वाचक असतो. तिथे कॅप्शनमधली लिंक दाबून उघडत नाही, त्यामुळे ‘खालच्या लिंकवर ऑर्डर द्या’ असं लिहिणं व्यर्थ आहे. मेसेज करायला सांगायचं किंवा प्रोफाइलमधल्या लिंककडे बोट दाखवायचं. कॅप्शन २,२०० चिन्हांपर्यंत लिहिता येत असलं, तरी न उघडता दिसतं ते सुरुवातीचं सव्वाशेच्या आसपास. मराठीत इथे एक मेख आहे. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही सगळी संगणकाच्या हिशेबाने वेगळी चिन्हं असतात. ‘सिद्धेश्वर’ डोळ्याला चार अक्षरं दिसतात, पण मोजणीत ती दहा चिन्हं भरतात. म्हणजे दिसणाऱ्या भागात आपले फार तर पंधरा-वीस शब्द मावतात. ‘एक्स’वर साध्या खात्याला २८० चिन्हांची मर्यादा आहे, तिथेही हाच हिशेब. म्हणून सगळ्यात कामाचं वाक्य पहिलं. नमस्कार, सणाच्या शुभेच्छा, गटाचं लांबलचक नाव हे सगळं नंतर.

कुठे टाकणार हे सांगितलं नसेल तर फोटोचा आकार बघते. उभा, पूर्ण पडदा व्यापणारा असेल तर बहुधा स्टेटस किंवा रील. चौकोनी किंवा किंचित उभा असेल तर बहुधा पोस्ट. कडेला फोन नंबर आणि भाव छापलेले असतील तर तो ग्रुपवर फिरवण्यासाठी बनवलाय. हा अंदाज असतो, म्हणून मजकूर पाठवताना वर लिहिते : “हा स्टेटससाठी आहे.” चूक असेल तर समोरची व्यक्ती लगेच सांगते.

४. सूर विशेषणांत सापडत नाही, त्यांच्याच मेसेजमध्ये सापडतो

‘तुमच्या ब्रँडचा सूर कसा हवा?’ या प्रश्नाला ‘प्रोफेशनल पण घरगुती’ असं उत्तर येतं आणि ते कुठल्याही मालाला चालतं. मी त्याऐवजी मागते : “काकू, गिऱ्हाइकाला तुम्ही स्वतः पाठवलेला शेवटचा मेसेज मला पाठवा. लिहिलेला नसेल तर बोलून पाठवा.”

काकूंनी बोलून पाठवला : “बघा, आमची हळद भाजीला कमी लागते. नेहमीच्या अंदाजाने टाकाल तर जास्त होईल, आधीच सांगते.”

कितीही विचार करून मला हे वाक्य सुचलं नसतं. यात मालाचा गुण आहे, वापरण्याची सूचना आहे, आणि ‘आधीच सांगते’ मधला सरळपणाही आहे. रंग, वास, शुद्धता यांचे दावे सगळेच करतात. ‘कमी लागते’ हे स्वयंपाक करणाऱ्या बाईने स्वयंपाक करणाऱ्या बाईला सांगितलेलं आहे. ते वाक्य मी पहिल्या ओळीत घेतलं.

त्या आवाजावरून मी वहीत तीन नोंदी केल्या. बोलणारं कोण : ‘आम्ही’, म्हणजे गटातल्या बायका. समोरच्याला काय म्हणतात : ‘तुम्ही’, ‘प्रिय ग्राहक’ कधीच नाही. काय म्हणत नाहीत : स्वतःच्या मालाला मोठी विशेषणं लावत नाहीत. छोट्या गटाला एवढा सूर पुरतो. पुढच्या वेळी लिहिणारी मी नसून दुसरी कुणी असेल, तरी या तीन नोंदींवरून आवाज तोच राहील.

एक पथ्य मात्र पाळते. बोलण्यातला शब्द जसाच्या तसा घ्यायचा, पण जो त्यांनी वापरलाच नाही असा गावरान शब्द सजावटीसाठी घुसवायचा नाही. काकू ‘वावर’ म्हणाल्या, म्हणून ‘वावर’ आलं. लिहिताना त्या व्यवस्थित प्रमाण भाषा लिहितात, त्यामुळे बाकी वाक्यं तशीच ठेवली. स्वतःचं बोलणं थट्टेसारखं छापलेलं कुणालाच आवडत नाही.

५. कॅप्शनमधला प्रत्येक शब्द दावा असतो. जो सिद्ध होत नाही तो काढा

हेतू, जागा आणि सूर कळले, तरी फोटो बघून सुचणारे काही शब्द उरतात. हळदीच्या बाबतीत ते धोक्याचे असतात.

पहिला धोका आजारांचा. ‘मधुमेहावर गुणकारी’, ‘कॅन्सर दूर ठेवते’ अशी वाक्यं सर्रास दिसतात. अशा आजारांवर इलाज असल्याची जाहिरात करायला १९५४ च्या औषधे व चमत्कारी उपाय कायद्याने बंदी आहे. खाद्यपदार्थांच्या जाहिरातीत रोग बरा होतो असा दावा अन्नसुरक्षेच्या नियमांतही चालत नाही. त्यामुळे भाजीसाठीची हळद भाजीबद्दलच बोलेल.

दुसरा ‘सेंद्रिय’. तसं विकायचं तर सहसा प्रमाणपत्र लागतं. काकूंना विचारलं, “खत कोणतं घालता?” शेणखत आणि थोडं रासायनिक, असं उत्तर आलं. शब्द गेला. पाकिटावर अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांक आहे ना, हेही फोटो मोठा करून बघितलं. तो होता आणि नीट वाचता येत होता.

तिसरा भौगोलिक मानांकनाचा. वसमत हळदीला ते मिळालेलं आहे आणि जिल्ह्यातल्या प्रत्येकाला ते नाव वापरावंसं वाटतं. पण मानांकित नाव आणि चिन्ह मालावर वापरण्यासाठी उत्पादकाने अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते. या गटाची तेव्हा नोंदणी नव्हती. म्हणून मजकुरात फक्त गाव, तालुका आणि जिल्हा आला, तो खरा होता.

चौथा धोका फोटोच्या पार्श्वभूमीचा. मागे धरण दिसतंय म्हणून ‘सिद्धेश्वरच्या पाण्यावर पिकलेली’ असं हात आपोआप लिहायला जातो. मी विचारलं, “वावर कालव्यावर आहे की विहिरीवर?” काकू म्हणाल्या, “विहिरीवर. धरण नुसतं जवळ आहे.” मग ‘धरणाजवळच्या वावरातली’ असं लिहिलं. फरक एक-दोन शब्दांचा आहे, पण गावातला माणूस तो पकडतो आणि मग बाकीच्या वाक्यांवरचाही त्याचा विश्वास उडतो.

शिवाय नुसतं ‘सिद्धेश्वर’ लिहून बाहेर भागत नाही. महाराष्ट्रात बहुतेकांना ते नाव ऐकलं की सोलापूरचं मंदिर आणि तलाव आठवतो. स्टेटसवर गावाचं नाव पुरेल. अनोळखी वाचकासाठी धरण, तालुका, जिल्हा सगळं हवं. शेवटी इन्स्टाग्रामसाठी मजकूर असा ठरला :

“भाजीला कमीच लागते, आधीच सांगतो!
सिद्धेश्वर धरणाजवळच्या आमच्या वावरातली यंदाची हळद : ता. औंढा नागनाथ, जि. हिंगोली. काढणी, शिजवणं, वाळवणं आणि दळणं, सगळं आमच्या गटातल्या बायकांचं. वर्षाची हळद भरायची असेल तर मेसेजमध्ये फक्त किलो आणि गाव लिहा. भाव आणि कुरिअरचा खर्च कळवू.”

सूर तोच आहे, पण ‘सांगते’चं ‘सांगतो’ झालं, कारण इथे एकट्या काकू नाहीत, गट बोलतोय.

६. उत्तरच आलं नाही तर अंदाज लिहून पाठवा, आणि पर्याय हेतूने वेगळे ठेवा

काही वेळा प्रश्नाला उत्तर येत नाही. माणूस वावरात असतो, दुकानात गर्दी असते आणि पोस्ट संध्याकाळी हवी असते. अशा वेळी दहा सुंदर ओळी पाठवून ‘यातली आवडेल ती घ्या’ म्हणणं मी टाळते. त्या दहा ओळींत फक्त विशेषणं बदललेली असतात आणि निवड करणारा कानाला गोड लागेल ती उचलतो. हेतूचा प्रश्न तसाच राहतो.

मी दोनच पर्याय पाठवते आणि प्रत्येकावर एक ओळ लिहिते : “ऑर्डर हवी असेल तर हा. गटाची ओळख करून द्यायची असेल तर हा.” समोरच्याला प्रश्न समजला नव्हता, तरी दोन मजकूर शेजारी ठेवले की फरक लगेच दिसतो. बहुतेक वेळा उत्तर येतं, “पहिलाच, पण त्यात भावही टाका.” म्हणजे न विचारता आणखी एक माहिती हाती येते.

घाईत एक अपवाद मी कधीच करत नाही. विसर्ग, पूर, रस्ता बंद, वीज अशा सूचनांच्या मजकुरात अंदाज चालत नाही. तिथे तारीख, आकडा आणि माहिती देणारं कार्यालय कळेपर्यंत मजकूर देत नाही. हळदीच्या पोस्टला चुकीचा अंदाज लागला तर एक दिवस वाया जातो. नदीकाठी त्याची किंमत वेगळी असते.

७. मजकूर चालला की नाही, हे प्रतिक्रियांतल्या प्रश्नांवरून ओळखा

किती जणांनी अंगठा दाखवला यावरून हळद विकली गेली की नाही ते कळत नाही. पोस्ट गेल्यावर लोक काय विचारतात ते मी काकूंना लिहून ठेवायला सांगते. ‘भाव काय?’ असं पुन्हा पुन्हा येत असेल तर भाव लिहायला हवा होता. ‘कुठलं सिद्धेश्वर?’ आलं तर जिल्हा राहिला. ‘अर्धा किलो मिळेल का?’ येऊ लागलं तर वर्षाच्या साठ्याचा वाचक आपल्याला सापडलेला नाही, दुसराच सापडलाय, आणि पुढचा मजकूर त्याच्यासाठी लिहावा लागेल. नुसतं ‘खूप छान’ येत असेल तर काय करायचं हेच वाचणाऱ्याला कळलेलं नाही.

काकूंच्या पोस्टखाली सगळ्यात जास्त आलेला प्रश्न होता, “पुण्याला पाठवता का?” मजकुरात कुरिअरचा उल्लेख होता, पण तो शेवटच्या ओळीत, न उघडता न दिसणाऱ्या भागात. बाहेरगावी राहणारी आपलीच माणसं हा तिथला खरा वाचक निघाला. पुढच्या पोस्टमध्ये ‘पुणे-मुंबईला कुरिअरने पाठवतो’ हे वाक्य पहिल्या ओळीला लागूनच घेतलं. त्यानंतर काकूंनी पाठवलेल्या फोटोखाली पहिल्यांदाच नुसती मागणी नव्हती, नेमकं सांगणं होतं : “ताई, हा इन्स्टासाठी. पुण्यातल्या लोकांना गट्टू नको, कांडी पाहिजे, तेवढं सांगायचंय.” त्याचा मजकूर लिहायला मला काहीच विचारावं लागलं नाही.